गच्चीचे काम दुसऱ्याकडे? आधी लेखी संमती हवी

गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीची दुरुस्ती आणि रंगकाम घेणारा कंत्राटदार प्रत्येक काम स्वतःच्याच माणसांकडून करून घेतो, असे क्वचितच घडते. गिलावा आणि रंग त्याचे कारागीर करतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मात्र तो त्याच कामात मुरलेला पोटकंत्राटदार आणतो. यात गैर काहीच नाही. संस्थेला ही गोष्ट पाऊस पडल्यावर, गळती सुरू झाल्यानंतर कळते, तेव्हा मात्र वाद उभा राहतो.

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ४० या प्रश्नाचे मूळ सांगते. काम अमुक व्यक्तीनेच करावे असा उभय पक्षांचा हेतू दिसत असेल, तर ते त्यानेच केले पाहिजे. एरवी तो सक्षम अशा दुसऱ्या व्यक्तीकडून ते करून घेऊ शकतो. चित्रकाराने कबूल केलेले चित्र त्यानेच काढायचे, हे कायद्यातच दिलेले उदाहरण आहे. गच्चीचे काम चित्रासारखे नाही, हे खरे. परंतु कंत्राटदाराचा पूर्वानुभव पाहूनच संस्थेने त्याची निवड केली असेल, तर ‘आम्हाला तुम्हीच हवे होता’ असे म्हणण्यास तिला जागा उरते. शिवाय लेखी संमतीखेरीज पोटकंत्राट देऊ नये, अशी अट अनेक करारनाम्यांत असते. ती असल्यास परवानगी न घेणे हाच करारभंग ठरतो.

समजा, एकूण काम १८ लाख रुपयांचे आहे आणि त्यात गच्चीचा वाटा ३ लाख ४० हजारांचा आहे. कंत्राटदाराने ते काम सुरू होण्यापूर्वी, साहित्य गच्चीवर चढण्याच्याही आधी, संस्थेच्या सचिवांना पत्र द्यावे. त्याचा मजकूर साधारण असा असावा: ‘दरपत्रकातील बाब क्र. ७, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, हे काम आम्ही सोबत नाव व पत्ता दिलेल्या पोटकंत्राटदाराकडून करून घेऊ इच्छितो. या कामासाठी लागणारे प्रशिक्षित कारागीर आमच्याकडे नाहीत. त्यांनी पूर्ण केलेल्या कामांची यादी जोडली आहे. दर, मुदत आणि पाच वर्षांची हमी यांत बदल होणार नाही. या कामाची संपूर्ण जबाबदारी आमचीच राहील. आपली लेखी संमती मिळेपर्यंत हे काम सुरू केले जाणार नाही.’

यातील शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची आहेत. ‘हे काम ते पाहतील’ असे मोघम लिहिले, तर जबाबदारीही त्यांच्याकडे गेली असा अर्थ काढता येतो. ‘आठ दिवसांत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरू’ हे वाक्यही टाळलेले बरे. कार्यकारिणीची बैठक महिन्यातून एकदा होत असेल, तर तिचे मौन म्हणजे होकार, हे पुढे पटवून देणे अवघड जाते. पोटकंत्राटदाराला आपण काय दर देतो, हे सांगण्याचे बंधन मात्र, करारात तशी अट नसेल तर, कंत्राटदारावर नाही. अनेकजण नेमके तेच लपवण्यासाठी सारेच लपवतात आणि अडचणीत येतात.

संस्थेनेही नुसते ‘हरकत नाही’ असे लिहून मोकळे होऊ नये. कार्यकारिणीने ठराव करून, संमती त्या एका नावापुरती आणि त्या एका कामापुरतीच आहे, तसेच तिने मुख्य कंत्राटदार जबाबदारीतून मुक्त होत नाही, असे नोंदवावे. नाव बदलले तर नवे पत्र. गच्चीवर ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्यायची असेल, तर ती मुख्य कंत्राटदाराच्या उपस्थितीत व्हावी, हेही त्याच ठरावात लिहिता येते.

खरी गोम हमीपत्रात असते. काम संपल्यावर हमीपत्र अनेकदा पोटकंत्राटदाराच्या लेटरहेडवर येते आणि सचिव ते फाइलला लावून टाकतात. दोन पावसाळ्यांनी छत ठिबकू लागले की मुख्य कंत्राटदार त्याच कागदाकडे बोट दाखवतो. पोटकंत्राटदाराशी संस्थेचा करार नसतो. त्याने गाशा गुंडाळलेला असेल, तर ते हमीपत्र काय कामाचे?

करार कायद्याचे कलम ४१ येथे आठवावे. त्रयस्थाकडून झालेली पूर्तता एकदा स्वीकारली, की मूळ व्यक्तीकडे ती पुन्हा मागता येत नाही, असे ते म्हणते. पोटकंत्राटदार मुख्य कंत्राटदाराच्याच वतीने काम करत असल्याने हे कलम त्याला सरसकट लागू होत नाही. तथापि संस्थेने त्याला थेट धनादेश दिला आणि हमीही फक्त त्याचीच घेतली, तर ‘तुम्ही त्याचे काम स्वतंत्रपणे स्वीकारलेत’ असा युक्तिवाद करण्यास वाव मिळतो. म्हणून देयक मुख्य कंत्राटदाराच्या नावाचे, पैसे त्यालाच आणि हमीपत्रावर सही त्याची हवी. पोटकंत्राटदाराचे हमीपत्र सोबत जोडलेले चालेल.

संमती नाकारली गेली, तर कंत्राटदाराला दुसरे नाव सुचवता येते किंवा ती बाब वगळून कराराची रक्कम ३ लाख ४० हजारांनी कमी करण्याचा प्रस्ताव देता येतो. दुसऱ्या पर्यायात गच्चीचा करार संस्था तज्ज्ञाशी थेट करते आणि त्या कामाची मुख्य कंत्राटदाराची जबाबदारी संपते. मात्र गच्चीच्या कठड्याचा गिलावा एकाचा आणि त्याला भिडणारे वॉटरप्रूफिंग दुसऱ्याचे असेल, तर नेमक्या त्या सांध्यातून पाणी मुरल्यास दोष कोणाचा, हे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्यावे लागेल.