भुकेची कळ आणि जेवणानंतरची आग

रात्री दीड-दोनच्या सुमारास पोटातल्या जळजळीने जाग येते, माणूस अंधारातच स्वयंपाकघरात जातो, दोन बिस्किटं किंवा थोडा दूधभात खातो, दहा-पंधरा मिनिटांत आग शमते आणि पुन्हा झोप लागते. पोटाच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या काही रुग्णांची ही ठरलेली हकिकत असते. दुसरा एखादा रुग्ण याच्या अगदी उलट सांगतो. त्याला उपाशी असताना बरं वाटतं, पण ताटावर बसून अर्धा तास होत नाही तोच बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली आग पडायला लागते. म्हणून तो जेवायलाच घाबरतो. दोघंही आपल्या दुखण्याला ‘ॲसिडिटी’ किंवा ‘पित्त’ म्हणतात आणि दोघंही बऱ्याचदा औषधाच्या दुकानातून एकच गोळी घेतात.

दोघांच्याही आत जखम असू शकते. फरक असतो तो जखमेच्या जागेत, आणि त्या जागेवर आम्ल कोणत्या वेळी पोचतं यात.

जठरात रोज साधारण दोन लिटर पाचकरस तयार होतो. त्यातलं आम्ल इतकं तीव्र असतं की उघड्या मांसावर पडलं तर ते जळेल. जठराच्या आतल्या बाजूला चिकट स्रावाचा थर आणि त्याखाली आम्ल मारणारा क्षार असतो, म्हणून एरवी आपण सुरक्षित असतो. हे संरक्षण एखाद्या ठिकाणी तुटलं आणि अस्तरात खोलवर खड्डा पडला, की त्याला अल्सर म्हणतात. तो प्रामुख्याने दोन ठिकाणी होतो: खुद्द जठरात, किंवा जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे, ज्याला डॉक्टर ड्युओडेनम म्हणतात. या दोन जागांमध्ये पायलोरस नावाचं स्नायूंचं दार असतं आणि वेळेचा सगळा हिशेब त्या दाराशी येऊन थांबतो.

आधी रात्री उठणाऱ्या रुग्णाकडे पाहू. त्याची जखम बहुधा दाराच्या पलीकडे, ड्युओडेनमच्या पहिल्या काही सेंटिमीटरांत असते. तो जेवतो तेव्हा अन्न जठरात पडतं आणि तिथलं आम्ल शोषून घेतं. डाळ, दूध, भात यांत मिसळल्यावर आम्लाची धार बोथट होते. दार जवळजवळ बंदच असतं आणि त्यातून घोटाघोटाने पातळ झालेलं अन्न पुढे जातं. त्यामुळे पलीकडच्या जखमेवर तेवढा वेळ तीव्र आम्ल पडत नाही. पण जेवणाने आम्ल बनवण्याची यंत्रणाही जागी झालेली असते. दोन-तीन तासांनी अन्न पुढे निघून जातं, आम्ल मात्र झिरपत राहतं, आणि आता ते बोथट करायला आत काहीच उरलेलं नसतं. हे निव्वळ आम्ल दारातून पुढे जखमेवर जातं. म्हणून दुपारी एकला जेवलेल्या माणसाला चार वाजता कळ येते.

रात्रीचंही गणित तेच आहे. शरीराच्या घड्याळाप्रमाणे रिकाम्या पोटी होणारा आम्लस्राव रात्री दहा ते दोनच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो आणि पहाटेनंतर उतरतो. त्यामुळे असा रुग्ण मध्यरात्रीनंतर कळीने जागा होतो, पण सकाळी उठतो तेव्हा, पोट रात्रभर रिकामं असूनही, त्याला बरंच बरं वाटतं. ‘सकाळी काही नसतं हो, दुपारी आणि रात्री होतं’ हे वाक्य ऐकलं, की अनुभवी डॉक्टर थोडे सावध होऊन पुढचे प्रश्न विचारतात.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातले शल्यविशारद बर्कली मॉयनिहॅन यांनी हे रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारकाईने नोंदवलं. ड्युओडेनल अल्सरवरचा त्यांचा ग्रंथ 1910 मध्ये आला. ‘भुकेची कळ’ या अर्थाचा शब्दप्रयोग त्यांच्यामुळेच वैद्यकात रुळला. तेव्हा दुर्बिणीने पोटात पाहण्याची आजच्यासारखी सोय नव्हती, त्यामुळे रुग्णाची हकिकत लक्षपूर्वक ऐकणं हीच मोठी तपासणी होती.

आता जेवायला घाबरणारा रुग्ण. त्याची जखम जठरातच असते. घास पोटात पडताच जठर ताणलं जातं, घुसळू लागतं आणि आम्ल ओतू लागतं, आणि हे सगळं जखमेच्या अंगावरच होतं. त्यामुळे खाल्ल्यावर लवकरच दुखू लागतं. असे रुग्ण हळूहळू कमी खातात आणि त्यांचं वजन उतरतं. ड्युओडेनल अल्सरवाला मात्र दर दोन तासांनी काहीबाही तोंडात टाकत राहतो, म्हणून त्याचं वजन टिकतं किंवा थोडं वाढतंही.

एकाला इथे आणि दुसऱ्याला तिथे जखम का होते, याचं उत्तर बऱ्याच अंशी ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूकडे जातं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. डॉक्टरांचा विश्वास बसेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतः प्यायलं आणि त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू जठराच्या खालच्या भागात, दाराजवळ ठाण मांडून बसला, तर आम्लाला लगाम घालणारं संप्रेरक कमी पडतं, आम्ल वाढतं आणि दारापलीकडे जखम होते. तोच जर वरच्या मोठ्या भागात पसरला, तर आम्ल बनवणाऱ्या पेशीच थकतात. मग आम्ल फारसं वाढलेलं नसतं, कधी कमीच असतं, पण अस्तर इतकं दुबळं होतं की तेवढ्या आम्लानेही जठरात खड्डा पडतो. भारतात हा जंतू फार मोठ्या संख्येने प्रौढांच्या पोटात आहे. त्यातल्या बहुतेकांना अल्सर होत नाही, हेही लक्षात ठेवावं.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. पण ही वेळापत्रकं पाठ करून घरच्या घरी निदान करणाऱ्यांनी पुढचा भाग जास्त लक्ष देऊन वाचावा.

दुर्बिणीची तपासणी सर्रास होऊ लागली तेव्हा मॉयनिहॅन यांचं चित्र पुष्कळ ठिकाणी फसलं. ड्युओडेनममध्ये जखम असलेल्या कित्येकांना जेवल्याने आराम पडत नव्हता, जठरात जखम असलेल्या काहींना पडत होता. भुकेची कळ सांगणाऱ्या अनेकांच्या पोटात तर जखमच नव्हती. उघड्या जखमेवर आम्ल सोडलं तरी प्रत्येकाला कळ येतेच असं नाही, म्हणजे दुखण्यात नसांच्या संवेदनेचाही वाटा मोठा आहे. पोटाच्या वरच्या भागात जळजळ होणाऱ्या बहुतेक लोकांच्या दुर्बिणीच्या तपासणीत अल्सर सापडतच नाही. दुखण्याची वेळ संशयाला दिशा देते, पण जखम आहे की नाही हे ती ठरवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट फसवते. ड्युओडेनल अल्सर काही आठवडे त्रास देतो आणि मग महिनोन्महिने गप्प बसतो. त्या सुमारास जो उपाय चालू असेल, त्याला श्रेय मिळतं. थंड दुधाचं तसंच आहे. दुधाने आम्ल क्षणभर बोथट होतं म्हणून बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. शिकागोचे डॉ. बर्ट्राम सिप्पी यांनी 1915 मध्ये तासातासाला दूध-साय देण्याचा उपचार सुचवला होता आणि तो कित्येक दशकं चालला. आज कोणीही तो अल्सरवरचा उपचार मानत नाही.

सर्वांत धोकादायक अल्सर मात्र तो, जो दुखतच नाही. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणारी सत्तरीतली आजी डोळ्यांसमोर आणा. या गोळ्या जठराच्या अस्तराचं रक्षण करणारे प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत आणि वेदनाही झाकतात. आजींना जळजळ नाही, भूक ठीक आहे, पण दोन दिवसांपासून शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतं आहे. जिना चढताना धाप लागते, उठताना भोवळ येते. घरात सगळ्यांना अशक्तपणा वाटतो, प्रत्यक्षात जठरातून रक्त जात असतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट नसतं आणि त्याला तो उग्र वास नसतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

दुर्बिणीच्या तपासणीला आदल्या रात्रीपासून उपाशी राहावं लागतं आणि घशात बधिर करणारा फवारा मारतात. प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांची असते. जखम जठरात दिसली तर तिच्या कडेचे छोटे तुकडे काढून कर्करोगासाठी तपासतात, कारण कर्करोगाचा व्रणही हुबेहूब असाच दिसू शकतो आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळीने त्यालाही तात्पुरता आराम पडतो. म्हणून जठराच्या अल्सरची दुर्बिणीने साधारण आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा पाहणी करतात. ड्युओडेनममधली जखम कर्करोगाची असणं फार दुर्मीळ आहे. जंतूसाठी अस्तराचा एक कण युरिया असलेल्या पिवळ्या जेलीत टाकतात आणि जंतू असला तर जेली गुलाबी होते. मात्र पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर जंतू दबून राहतो आणि तपासणी खोटं ‘नाही’ सांगते. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या आधी दोन आठवडे थांबवतात.

जंतू सापडला तर आम्ल कमी करणारं औषध आणि दोन किंवा अधिक प्रतिजैविकं साधारण 14 दिवस देतात. चौथ्या-पाचव्या दिवशी आग थांबते आणि अनेक जण गोळ्या सोडतात. जंतू मात्र राहतो आणि पुढच्या खेपेला तीच औषधं त्याला जुमानत नाहीत. भारतात क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल यांना तो आधीच बऱ्याच प्रमाणात सरावला आहे. म्हणून उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू खरोखर गेल्याची खात्री करावी. आम्लाची गोळीही जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, कारण जेवणाने जाग्या होणाऱ्या आम्लाच्या पंपांवरच ती काम करते. जेवणानंतर घेतली तर तिचा बराच जोर वाया जातो.

डॉक्टरांकडे जाताना ‘ॲसिडिटी आहे’ एवढंच सांगू नका. दुखणं जेवणानंतर किती वेळाने सुरू होतं, रात्री झोपमोड होते का, खाल्ल्याने थांबतं की वाढतं, वजन उतरलं का, आणि अंगदुखीच्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्या. रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, काळं शौच, गिळताना अडकणं, किंवा अचानक पोट फळीसारखं कडक होऊन असह्य दुखणं यांपैकी काहीही झालं, तर जळजळ जेवणाने थांबते की वाढते याचा विचार करत बसू नका, ताबडतोब रुग्णालयात जा.