दिवा लावून ठेवण्याची गोष्ट

अमेरिकेत महामार्गालगत स्वस्तात रात्रीचा मुक्काम देणारी 'मोटेल सिक्स' ही साखळी १९६२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. खोलीचे भाडे तेव्हा सहा डॉलर होते, म्हणून हे नाव. १९८६ मध्ये तिची रेडिओ जाहिरात ध्वनिमुद्रित होत असताना शेवटी काही सेकंद शिल्लक राहिले आणि निवेदक टॉम बोडेट यांनी ते भरण्यासाठी एक वाक्य स्वतःहून जोडले. 'वुई विल लीव्ह द लाइट ऑन फॉर यू' हेच वाक्य पुढे साखळीची ओळख बनले. २०२४ मध्ये ही साखळी 'ओयो'च्या मूळ कंपनीने विकत घेण्याचा करार केला, तेव्हा भारतीय वृत्तपत्रांतही तिचे नाव गाजले.

हे घोषवाक्य मराठीत आणायचे असे समजू या. शब्दशः भाषांतर होईल, 'आम्ही तुमच्यासाठी दिवा चालू ठेवू.' व्याकरणात चूक नाही. पण मराठी वाचकाच्या मनात पहिला विचार येतो तो विजेच्या बिलाचा. 'चालू'ऐवजी 'दिवा लावून ठेवू' म्हणावे, तर प्रकरण अधिकच बिघडते. घरात मृत्यू झाला की त्या जागी दिवस होईपर्यंत दिवा तेवत ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. शिवाय 'काय दिवे लावलेत' हा टोमणा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी कोणी ऐकलेला नाही?

मग मूळ वाक्यात असे काय आहे? अमेरिकी घराच्या दर्शनी ओसरीवर एक दिवा असतो. घरातले कोणी रात्री उशिरा यायचे असेल, तर बाकीचे झोपताना तो मालवत नाहीत. 'तू येणार हे आम्हाला ठाऊक आहे,' एवढेच तो दिवा सांगतो. अनोळखी गावी, अपरात्री, गाडी चालवून थकलेल्या माणसाला हे आश्वासन मिळते. ट्रान्सक्रिएशन म्हणजे हे आश्वासन उचलायचे आणि दिव्याला तिथेच सोडून द्यायचे.

उशिरा येणाऱ्यासाठी मराठी घर काय करते? ताट झाकून ठेवते. पहिली ओळ सुचते ती हीच : 'ताट झाकून ठेवलंय.' भावना नेमकी, बोली घरची. पण ती टाकून द्यावी लागते, कारण या मोटेलांत जेवण मिळत नाही. घोषवाक्य कितीही गोड असले तरी खोटे वचन देऊ शकत नाही. भुकेला पाहुणा पहिल्याच रात्री जाब विचारील. दुसरी ओळ, 'कडी काढून ठेवतो.' घरात हा जिव्हाळा आहे, मुक्कामाच्या जागी मात्र ती चोरांना दिलेली सूचना वाटते.

तिसरा पर्याय, 'या, जाग आहे.' रात्री शेजारच्या घरात हालचाल दिसली की आपण 'अजून जाग आहे' म्हणतो, त्यातली ही ऊब आहे. आदरार्थी 'या'मुळे 'तू' की 'तुम्ही' हा प्रश्नही उरत नाही. पण दोन-तीन माणसांना मोठ्याने वाचून दाखवा आणि अर्थ विचारा. एखादा म्हणेलच, 'म्हणजे तिथे झोप लागत नाही?' जाग कोणाला, हे वाक्यात नसल्याने अडचण होते. कर्ता घातला की ती सुटते : 'कितीही उशीर होवो, आम्ही जागे आहोत.'

मूळ वाक्यातले यजमान दिवा ठेवून झोपी जातात, इथले जागे आहेत. म्हणजे अर्थ सरकला. तो सरकणे चालेल का, हे भाषा ठरवत नाही. स्वागतकक्षात रात्रभर माणूस असेल तर चालेल, नसेल तर हीही ओळ बाद.

आणखी एक खाचखळगा आपल्या रस्त्यांचा. मराठीत 'हॉटेल' म्हटले की आधी मिसळ आठवते. महामार्गावरच्या फलकावर नुसते 'आम्ही जागे आहोत' लिहिले, तर ट्रकचालक तो रात्रभर चालणारा ढाबा समजतील. म्हणून ओळीखाली 'रात्रीचा मुक्काम' हे दोन शब्द हवेतच. 'लॉज' हा शब्द शक्यतो टाळावा. त्याला नको ते अर्थ चिकटले आहेत.

ग्राहकाकडे ओळ पाठवताना तिचे उलट इंग्रजी भाषांतर जोडण्याचा प्रघात आहे. ते वाचून तिकडचा अधिकारी हमखास विचारतो, 'यात दिवा कुठे आहे?' त्यासाठी भाषांतराखाली चार ओळींचे टिपण द्यावे आणि टाकलेली ताटाची व कडीची ओळही कारणांसह दाखवावी. तरीही त्याने दिव्याचा हट्ट धरला, तर तो चित्रात ठेवता येतो : अंधाऱ्या रस्त्याकडेला एक उजळलेले दार आणि खाली मराठी ओळ. चित्रातल्या दिव्याला कोणी टोमणा समजत नाही.