गावचं पाणी शुद्ध, मग घरचं अशुद्ध कसं? स्लॅबवरच्या टाकीत डोकावून बघा

पावसाळ्याच्या तोंडाला एका गावात घडलेली गोष्ट. एका घरात पोरांना जुलाब सुरू झाले आणि घरमालक तावातावाने ग्रामपंचायतीत आले. "भाऊसाहेब, तुमचा माणूस पावडरच टाकत न्हाई. पाण्याला वासच येत न्हाई, मग पोरं आजारी पडणार न्हाईत तर काय!"

भाऊसाहेबांनी वाद घातला नाही. जलसुरक्षकाला ओटी टेस्टची पेटी घेऊन सोबत घेतले. आधी त्या घरासमोरच्या नळाचे, म्हणजे थेट पंचायतीच्या पाइपातले पाणी काचेच्या नळीत घेतले आणि औषधाचे थेंब टाकले. पाणी लगेच पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन होते. मग त्याच घरातल्या स्वयंपाकघराच्या नळाचे पाणी घेतले. त्यात थेंब टाकले तरी पाणी पांढरेच राहिले. (तपासलेले पाणी लगेच फेकून द्यायचे असते. ओटीचे औषध पोटात जाऊ देऊ नये.)

पाणी एकच, पाइपही एकच. मध्ये होती फक्त स्लॅबवरची हजार लिटरची टाकी. झाकण उघडून बॅटरी मारली तेव्हा कडेला हिरवा बुळबुळीत थर आणि तळाला दोन बोटे गाळ दिसला. "कधी धुतली होती?" असे विचारल्यावर घरमालक म्हणाले, "बसवल्यापासून हात लावला न्हाई बघा. पाणीच तर हाय तिच्यात!"

गाळ क्लोरीन खातो

टाकीतून घरात जाणारा पाइप तळापासून दोन-तीन इंच वर बसवलेला असतो. त्याखालचे पाणी सहसा बाहेर पडत नाही. नदी-तलावाच्या पाण्याबरोबर आलेली माती, बोअरच्या पाण्यातला तांबूस गंज आणि उघड्या झाकणातून पडलेला पाला-धूळ हे सगळे तिथे साठत जाते. साधारण एक मीटर रुंदीच्या टाकीत दोन सेंटिमीटर गाळ म्हणजे एक बादलीभर गाळ होतो.

हा गाळ गप्प बसत नाही. पंचायतीने पाण्यात घातलेला क्लोरीन जंतूंबरोबरच गाळातल्या कुजक्या पदार्थांवरही खर्च होतो. नळाशी पाणी पोचेपर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असे मानतात. गाळाच्या टाकीत रात्रभर राहिलेल्या पाण्यात तो उरत नाही, आणि गाळाच्या कणाआड बसलेल्या जंतूंपर्यंत तो पोचतही नाही. मोटार चालू झाली किंवा नळाला पाणी जोराने आले की धार तळावर आपटते, गाळ ढवळतो आणि तोच हंड्यात येतो. सकाळी पहिल्या तांब्यात गढूळ पाणी दिसते ते यामुळे.

शेवाळ उजेडावर वाढते

शेवाळाला पाणी आणि ऊन दोन्ही लागते. म्हणून आतून काळी, घट्ट झाकणाची टाकी बरी. झाकण फुटलेले असेल किंवा टाकीच्या भिंतीतून उजेड आत जात असेल तर शेवाळ धरणारच. नुसत्या हिरव्या थराने माणूस सहसा आजारी पडत नाही. पण तो थर क्लोरीन खातो, मेल्यावर कुजतो, पाण्याला मातकट वास आणतो, आणि त्याच्या बुळबुळीत आडोशाला जंतू वाढतात. तुटलेले तुकडे नळाच्या जाळीत व गाळणीत अडकतात ते वेगळेच.

झाकण उघडे म्हणजे डासांनाही वाट मोकळी. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला अंडी चिकटवतो. टाकी कोरडी पडली तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, भिंत घासावीच लागते.

धुण्याची रीत

आदल्या दिवशी पिण्याचे पाणी भरून ठेवावे, मोटार आणि आत येणारा कॉक बंद करावा. वापरून वापरून टाकीत अर्धा फूट पाणी राहू द्यावे. घरात जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा बोळा घालावा, नाहीतर सगळी घाण घरच्या पाइपात उतरते.

लांब दांड्याच्या नायलॉनच्या ब्रशने आधी झाकणाची आतली बाजू, मग भिंती वरून खाली आणि शेवटी तळ घासावा. तारेचा ब्रश नको. प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढचे शेवाळ तिथेच धरते. साबणाचीही गरज नाही. गाळाचे पाणी तळाच्या कॉकने, तो नसेल तर मगाने आणि फडक्याने काढावे व दोनदा खंगाळावे. लहान टाकीत माणूस उतरवू नये. सिमेंटच्या मोठ्या टाकीत उतरायचेच असेल तर झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवावे आणि वर एक माणूस उभा असावा.

आता टीसीएल पावडर. नेहमीची पद्धत म्हणजे हजार लिटरच्या भरलेल्या टाकीत २०० ग्रॅम घालून रात्रभर ठेवणे आणि मग ते सगळे पाणी सोडून देणे. पण टंचाईच्या गावात हजार लिटर ओतून द्यायचे कुठून? तिथे पुढील रीत चालते.

किराणा दुकानातून तोलून आणलेली ४० ग्रॅम ताजी पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग बादली भरून अर्धा तास निवळू द्यावी. वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि तळाचा चुना फेकावा, नाहीतर तोच टाकीतला नवा गाळ होतो. टाकीत एकूण ५० लिटर पाणी करून त्याच पाण्याने ब्रश बुडवून सगळ्या भिंती ओल्या कराव्यात. बोळा काढावा, घरातले नळ एकेक उघडून क्लोरीनचा वास आला की बंद करावेत आणि अर्धा तास थांबावे. नंतर ते पाणी सोडून द्यावे. हे पाणी गुरांना पाजू नये किंवा झाडांना घालू नये. टाकी पुन्हा एकदा खंगाळून भरावी. नळातला उग्र वास गेला की पाणी वापरता येते.

एक धोका लक्षात ठेवावा. भिंतीवरचे पांढरे क्षार काढायला काहीजण ॲसिड वापरतात. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की विषारी वायू सुटतो. हे दोन्ही एका दिवशी टाकीजवळ आणूच नयेत.

किती दिवसांनी?

वर्षातून दोनदा तरी टाकी धुवावी. एकदा मे अखेरीस पावसापूर्वी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. पाणी गढूळ येत असेल तर दर तीन महिन्यांनी. धुतल्याची तारीख टाकीवर रंगाने लिहावी. पंचायतीच्या जलकुंभावर लिहितात तशीच ती घरावरही हवी. मध्येच शंका आली तर आत हात घालून भिंतीवर बोट फिरवावे. बोट बुळबुळले तर तारखेची वाट पाहू नये.

टाकी धुतल्याने पाण्यातले क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट कमी होत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. जुलाब थांबत नसतील तर फुटका पाइपही शोधावा लागतो आणि दवाखानाही गाठावा लागतो.

त्या घरची टाकी दुसऱ्याच दिवशी धुतली गेली. टाकी भरल्यावर जलसुरक्षकाने पुन्हा स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी नळीत घेतले. या वेळी ते पिवळे झाले. घरमालकांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "म्हंजे पावडर येत हुती तर. आमची टाकीच गिळत हुती."