मधला टप्पा कुठे गेला?

धर्माच्या मानवशास्त्राच्या पेपरात दीक्षाविधींवर प्रश्न आला की उत्तरपत्रिकेत हमखास तीन रकाने आखलेले दिसतात: वियोग, संक्रमण, समावेश. मग विद्यार्थी विधीतली एकेक कृती उचलतात आणि कुठल्या ना कुठल्या रकान्यात टाकतात. डोक्यावरचे केस काढले, वियोग. पंगत बसली, समावेश. एकही कृती शिल्लक राहिली नाही की उत्तर पूर्ण झालं, असा समज असतो. ज्याने ही मांडणी केली त्याला मात्र एवढ्यावर समाधान वाटलं नसतं.

आर्नॉल्ड व्हॅन गेनेप हा अभ्यासक जर्मनीत जन्मला, फ्रान्समध्ये वाढला आणि तिथल्या विद्यापीठी वर्तुळाच्या बाहेरच राहिला. 1909 साली त्याने अवस्थांतराच्या विधींवर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं. जन्म, वयात येणं, लग्न, मरण अशा प्रसंगी माणूस एका सामाजिक स्थानावरून दुसऱ्या स्थानावर जातो, आणि तो प्रवास जगभर साधारण सारख्याच क्रमाने घडतो, असं त्याने दाखवलं. आधी जुन्या स्थानापासून तोडायचं, मग काही काळ ना इकडचं ना तिकडचं असं ठेवायचं, आणि शेवटी नव्या स्थानावर रुजू करून घ्यायचं. पण याच पुस्तकात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि उत्तरपत्रिकांतून नेमकी तीच गळते. हे तीन टप्पे प्रत्येक विधीत सारख्या वजनाचे नसतात. अंत्यविधीत तोडण्यावर भर असतो, लग्नात जोडण्यावर, आणि दीक्षाविधीत मधल्या अवस्थेवर. म्हणजे दीक्षाविधी बघताना खरा प्रश्न असा, की मधला टप्पा केवढा आहे आणि त्यात होतं काय?

याचं सर्वांत बारकाईने टिपलेलं उदाहरण आजच्या झांबियाच्या वायव्य भागातलं आहे. तिथल्या न्देम्बू लोकांमध्ये व्हिक्टर टर्नर आणि त्यांच्या पत्नी ईडिथ यांनी 1950 ते 1954 या काळात क्षेत्रकार्य केलं. न्देम्बू मुलग्यांच्या सुंतेचा विधी म्हणजे मुकांडा. हे समाज मातृवंशीय आहेत. मुलगा लहानपणी आईच्या, बायकांच्या जगात वावरतो. मुकांडात त्याला तिथून काढून पुरुषांत नेतात. न्देम्बू लोक स्वतःच या विधीचे तीन भाग मानतात आणि त्यांना वेगवेगळी नावंही देतात: आत घालणं, आत राहणं आणि बाहेर काढणं. त्यामुळे व्हॅन गेनेपचा आराखडा इथे बाहेरून आणून चिकटवावा लागत नाही.

आदल्या रात्री वाडीजवळच्या मोकळ्या जागेत शेकोट्या पेटतात, नाचगाणं चालतं. सकाळी प्रत्येक आई आपल्या मुलाला स्वतःच्या हाताने भरवते. चांगला मोठा झालेला मुलगा असला तरी तान्ह्या बाळाला भरवावं तसं. मग ढोल वाजतात, मुलांना धरून रानातल्या वाटेने नेलं जातं, आणि बायकांना मागे परतवतात. मागे राहिलेल्या आया घरात कुणी गेल्यासारखा आक्रोश करतात. पुढे जिथे सुंता होते त्या जागेला न्देम्बू लोक मरणाची जागाच म्हणतात. मुलगा मेला, असं विधीच्या भाषेत खरोखरच धरलेलं असतं.

शस्त्रक्रिया मुद्यी नावाच्या झाडाखाली होते. या झाडाला ओरखडा काढला की पांढरा चीक येतो. न्देम्बूंच्या लेखी तो आईचं दूध, आणि ते झाड म्हणजे आई-मुलाचं नातं. सुंता झाली की मुलाला उचलून मुकुला नावाच्या झाडाच्या ओंडक्यावर बसवतात. या झाडाचा डिंक लालभडक असतो आणि तो लवकर घट्ट होतो. जखमेचं रक्तही तसंच लवकर थांबावं, ही त्यामागची इच्छा. दुधाच्या झाडाखालून उचलून रक्ताच्या झाडावर बसवणं, ही काही पावलांचीच गोष्ट. तरी मुलगा आईकडून पुरुषांकडे गेल्याचं सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

आणि इथून पुढे सुरू होतो तो मधला टप्पा. मुलं रानातल्या झोपडीत राहतात. जखम भरून येईपर्यंत तर राहतातच, पण नंतरही राहतात. आयांनी त्यांना बघायचं नाही. काय खायचं, कसं बोलायचं, कुणासमोर जायचं नाही, याचे नियम असतात. मुखवटे घातलेल्या आकृती येऊन धाक दाखवतात. वडीलधारे पुरुष शिकवतात, रागावतात, मारतातही. घरात कोण थोरला, कुणाचा बाप वाडीचा मुखिया, याला इथे फारशी किंमत नसते. यावरूनच टर्नर यांनी 1960च्या दशकात मधल्या अवस्थेचा स्वतंत्र सिद्धांत मांडला: या काळात माणसाला कुठलंच स्थान नसतं, म्हणून सगळे सारखे होतात आणि त्यांच्यात एक वेगळंच सख्य निर्माण होतं. हे वाचायला फार सुंदर वाटतं. पण टर्नर यांच्याच नोंदींत असंही आहे, की सगळ्यांत आधी ज्याची सुंता होते त्या मुलाला खास पदवी मिळते. म्हणजे समतेच्या झोपडीतही पहिला नंबर असतोच. सिद्धांतापेक्षा नोंदी प्रामाणिक असतात, त्या त्या असा.

शेवटी झोपडी जाळून टाकतात. मुलांना आंघोळ घालून, अंगाला पांढरी माती लावून गावात आणतात. आया पुन्हा रडतात, पण या वेळी आनंदाने. परत आलेला मुलगा आता पुरुषांबरोबर बसतो.

आता आपल्याकडची मुंज घ्या. ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. ब्राह्मण बटूच्या उपनयनाची चर्चा व्हॅन गेनेपने आपल्या पुस्तकात स्वतःच केली आहे. आणि ज्याने मुंजीत मातृभोजन पाहिलं आहे, त्याला न्देम्बू आईचा तो घास ओळखीचा वाटेल. आई आणि मुलगा एका ताटात जेवतात, आणि यानंतर असं जेवायचं नाही असं मोठी माणसं मुलाला सांगतात. क्षौर होतं, अंगावरचे नेहमीचे कपडे जातात. मग मंगलाष्टकं, अंतरपाट, आणि अंतरपाट दूर झाल्यावर मुलगा वडिलांसमोर. कमरेला मुंज गवताची मेखला, लंगोटी, हातात पळसाचा दंड. दोघांच्या डोक्यावरून वस्त्र घेऊन वडील कानात गायत्री मंत्र सांगतात. पुढे भिक्षावळ. कालपर्यंत हक्काने जेवायला मागत होता त्याच आईपुढे आता झोळी धरायची. मरण नि पुनर्जन्म इथेही आहे. आचार्य शिष्याला तीन रात्री गर्भात धारण करतो ही कल्पना अथर्ववेदात येते, आणि द्विज या शब्दामागेही तीच कल्पना आहे.

ग्रंथांप्रमाणे खरं संक्रमण याच्यानंतर सुरू होतं. मुलगा गुरुगृही जाई. एका वेदाला बारा वर्षं असा हिशेब धरलेला. ब्रह्मचारी ना घरचा असे ना संसाराचा: भिक्षा मागून खाणं, जमिनीवर झोपणं, साजशृंगार वर्ज्य. ते संपलं की समावर्तन, म्हणजे सोडमुंज. मेखला सोडायची, नवे कपडे, जोडे, छत्री घ्यायची आणि संसाराच्या वाटेला लागायचं. महाराष्ट्रात याच वेळी मुलगा रुसून काशीला निघतो, आणि मामा त्याला आपली मुलगी देऊ करून परत आणतो. सगळे हसतात. पण ही गंमत बरोबर त्या जागी आहे, जिथे मधल्या अवस्थेतून संन्यासाकडे जायचं की समाजात परतायचं, हा फाटा फुटतो.

आज मुंज आणि सोडमुंज बहुधा एकाच दिवशी, एकाच कार्यालयात उरकतात. काही घरी सोडमुंज लग्नाच्या आदल्या दिवशी होते. मधली बारा वर्षं म्हणजे भिक्षावळ आणि जेवण यांमधला वेळ. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत जातो, आईच्या हातचंच खातो, आणि ‘काल मुंज झाली’ एवढंच वर्गात सांगतो. तीन रकाने आखणाऱ्याला इथे काही कमी पडल्याचं जाणवणार नाही, कारण तिन्ही टप्प्यांची चिन्हं हजर आहेत. मधल्या टप्प्याकडे बघणाऱ्याला मात्र दिसेल, की दीक्षाविधीचा गाभाच उडून गेला आहे आणि उरलेला समारंभ लग्नाच्या वळणावर, जोडण्याच्या बाजूला झुकला आहे. आहेर, पंगत, फोटो या सगळ्याचा भर तिकडेच असतो.

मधला टप्पा नुसता आटतोच असं नाही, कधी तो नसतोच. व्हिन्सेंट क्रॅपॅन्झॅनो यांनी मोरोक्कोतल्या सुंतेबद्दल लिहिताना नेमका हाच आक्षेप घेतला. तिथे लहानग्याला सजवून मिरवत नेतात, न्हावी सुंता करतो, आणि लगेच त्याला आईच्या पाठीवर बांधून बायकांच्या घोळक्यात परत देतात. वेगळं ठेवणं नाही, शिकवण नाही, आणि पुरुषांत प्रवेशही नाही. वेदना आहे, घोषणा आहे, पण तो जिथून निघाला तिथेच परत आला. असा विधी समोर आला तर ओढूनताणून तीन टप्पे भरू नयेत. आराखडा इथे लागू होत नाही, असं सरळ लिहावं.

मग मधला टप्पा गेला तरी मुंज टिकून कशी राहते? यावर पिएर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं उत्तर मला जास्त पटतं. 1982च्या एका लेखात त्याने म्हटलं, की व्हॅन गेनेप आणि टर्नर दोघेही ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांत अडकून पडले. अशा विधींची मोठी रेघ वेगळीच असते: ज्यांना हा विधी लागू आहे ते, आणि ज्यांना तो कधीच लागू होणार नाही ते. सुंता न झालेला मुलगा आणि झालेला मुलगा यांच्यातला फरक सगळ्यांना दिसतो. पण त्या फरकाच्या आडून दोन्ही मुलगे एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला असतात, हे कुणी बोलतही नाही. मुंजीला हे लावून पाहा. मनुस्मृतीने ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य मुलांसाठी आठवं, अकरावं, बारावं अशी वर्षं ठरवून दिली, शूद्राला यातून वगळलं, आणि स्त्रियांसाठी विवाह हाच उपनयनाच्या जागी असल्याचं सांगितलं. ही रेघ ओढायला बारा वर्षांचा गुरुकुलवास लागत नाही, अर्धा दिवस पुरतो. म्हणूनच शिक्षण निघून गेलं तरी विधी राहिला.

त्या रेघेला हात लावण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले आहेत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने मुलींच्याही मुंजी होतात आणि पौरोहित्य स्त्रियाही करतात. रेघ तिथे सरकली आहे. मधला टप्पा मात्र अजून कुठेच परत आलेला नाही, आणि नोकरी-शाळेच्या वेळापत्रकात तो परत येईल असंही वाटत नाही.