आधी पाय, मग हात

पाण्यावर तरंगता येतं, भिंतीला पाय रेटून पाच मीटर सरकताही येतं, अशी शाळकरी मुलं ब्रेस्टस्ट्रोक शिकायला लागली की बहुतेकदा एकाच ठिकाणी अडतात. हात ओढतानाच पायही झाडले जातात. मग पाणी खूप ढवळतं, मूल मात्र जेमतेम पुढे जातं. हात ओढत असतानाच गुडघे पोटाकडे आले की मांड्या समोरचं पाणी अडवतात आणि हातांनी मिळवलेला वेग तिथेच जिरतो.

म्हणून अनुभवी प्रशिक्षक आधी पायांवरच थांबतात. मूल टँकच्या काठावर, पाय पाण्यात सोडून बसतं. टाचा मागे ओढायच्या, पावलं नडगीकडे खेचून बाहेर वळवायची आणि मग गोल फिरवत पाय जुळवायचे. काठावर बसलं की स्वतःची पावलं दिसतात, हा मोठा फायदा. बोटं ताणलेली राहिली तर पाय पाणी नुसतं कापतात. जोर लागला असेल तर तळव्याला आणि पोटरीच्या आतल्या बाजूला पाणी जाणवतं. एकच पाऊल बाहेर वळलं तर कात्रीसारखी किक होते, आणि शर्यतीत त्यावर बाद व्हावं लागतं. हीच किक पुढे किकबोर्ड धरून आणि नंतर हात समोर ताणून, बोर्डाशिवाय करायची. दर किकनंतर पाय जुळवून शरीर सरकू द्यायचं.

हात जोडताना उपयोगी पडतो तो ‘दोन किक, एक पुल’ हा सराव. समजा, सहावीतली मुलगी २५ मीटरच्या टँकमध्ये धापा टाकत एका लांबीला २४ पुल घेते. तिने एक पुल घ्यायचा, श्वास घ्यायचा, हात पुढे न्यायचे, किक मारायची. मग हात ताणलेलेच ठेवून आणखी एक किक. या जादा किकच्या वेळी हातांना काही कामच नसतं, त्यामुळे थांबणं आपोआप अंगवळणी पडतं. त्यानंतर पुन्हा एकास एक: हात छातीखालून पुढे निघाले की टाचा वर, हात जवळजवळ ताणले गेले की किक, डोकं पाण्यात आणि मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत सरकणं. आता पुल मोजायचे. आकडा घटला आणि धापही कमी झाली, तर वेळ जुळायला लागली.

जादा किक फक्त सरावापुरती. शर्यतीत एका पुलला एकच किक चालते. पुल घेताना हात खांद्यांच्या मागे जात असतील, तर ते पुढे यायला उशीर होतो आणि किक पुन्हा आधीच सुटते. अशा वेळी हनुवटी आणि कोपर यांच्या पुढेच हात फिरवायला सांगावं.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर किक लगेच थांबवायची. पुन्हा सुरू करताना गुडघे फार फाकत नाहीत ना, हे आधी पाहायचं. सरकण्यालाही मर्यादा आहे: वेग मरून पाय खाली बुडायला लागले, म्हणजे पुढचा पुल घ्यायला उशीर झाला.