हळू धावा की जोरात, हिशेब तोच

६० किलो वजनाची व्यक्ती सपाट रस्त्यावर १० किलोमीटर धावली, तर साधारण ६०० किलोकॅलरी खर्च होतात. दर किलोला, दर किलोमीटरला सुमारे एक. इटालियन शरीरशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली हे मांडलं.

हेच अंतर ७५ मिनिटांत कापा किंवा ५० मिनिटांत, आकडा जवळपास तोच. कारण धावताना मुख्य खर्च होतो तो शरीराचं वजन पेलण्यावर. वेग वाढला की पाऊल जमिनीवर कमी वेळ टेकतं, स्नायूंना तेवढंच बळ झटपट लावावं लागतं आणि मिनिटाचा खर्च चढतो. पण किलोमीटरही त्याच प्रमाणात लवकर संपतो. दम लागतो तो या मिनिटाच्या खर्चामुळे.

गंमत म्हणजे मनगटावरचं घड्याळ हळू धावणाऱ्याला थोड्या जास्त कॅलरी दाखवू शकतं. नुसतं बसूनही तासाला साठेक किलोकॅलरी जातातच, आणि त्याची २५ मिनिटं जास्त मोजली जातात.

चालण्याला मात्र हा नियम लागू नाही. तिथे फार भरभर चाललं की किलोमीटर महाग पडतो. चढावर आणि समोरच्या वाऱ्यातही हिशेब बदलतो.