हरकत आहे, पण कशाला?

सहा लाख. सगेसोयऱ्यांच्या मसुद्यावर आलेल्या हरकतींचा हा आकडा तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी 20 फेब्रुवारी 2024 ला विशेष अधिवेशनात सांगितला आणि त्याच क्षणापासून तो निवडणुकीच्या निकालासारखा वापरला जाऊ लागला. विरोधक म्हणत होते, एवढ्या लोकांनी नाकारलंय. समर्थक विचारत होते, यातले आमच्या बाजूचे किती ते तरी सांगा. छाननी चालू आहे, असं सरकारचं उत्तर होतं. या गदारोळात एक साधी गोष्ट निसटून गेली: ही मतमोजणी नव्हतीच.

अंबड तालुक्यात हे समजावून सांगणं अवघड आहे, कारण दोन्ही बाजूंचा जोर इथेच आहे. अंतरवाली सराटी याच तालुक्यातली. 29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी तिथे उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ओबीसींची एल्गार सभा 17 नोव्हेंबरला झाली तीही अंबडलाच. समर्थ कारखान्याच्या अंकुशनगरात तेव्हा गळीत हंगाम होता. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या माणसाला बोलायला भरपूर वेळ असायचा, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी याच विषयावर यायचं. तिथे एका झेरॉक्सवाल्याकडे दोन्ही नमुने मिळत होते, बाजूचा आणि विरोधातला. नाव, गाव, सही एवढ्याच जागा रिकाम्या. बाकी मजकूर तयार. दर पानामागे तेवढाच. धंद्यात त्याने कुठल्याच समाजावर अन्याय केला नाही, हे नमूद करायला हवं.

आता मुळात मागितलं काय होतं ते पाहू. 26 जानेवारी 2024 च्या राजपत्रात आलेला मसुदा आरक्षण किती टक्के द्यायचं याबद्दल नव्हता. जातीचं प्रमाणपत्र कसं द्यायचं आणि कसं पडताळायचं याचे 2012 चे नियम आहेत, त्यांत ही दुरुस्ती होती. अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जे नातेवाईक झाले, ते ‘सगेसोयरे’, अशी व्याख्या त्यात घातली होती. एखाद्याची कुणबी नोंद सापडली, त्याने ‘हा माझा सोयरा’ असं शपथपत्र दिलं आणि गृहचौकशीत ते खरं निघालं, तर त्या सोयऱ्यालाही प्रमाणपत्र मिळावं, असा त्याचा रोख. हरकती आणि सूचना 16 फेब्रुवारीपर्यंत सामाजिक न्याय विभागाच्या सचिवांकडे पाठवायच्या होत्या.

छगन भुजबळांनी लाखोंनी हरकती पाठवा म्हणून हाक दिली, तशी दुसऱ्या बाजूनेही गावोगाव पत्रं गोळा झाली. दोघांचंही गणित एकच, गठ्ठा मोठा हवा.

गठ्ठ्याचं पुढे काय होतं हे मंत्रालयात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या एका कक्ष अधिकाऱ्याने मला समजावलं. नाव नको म्हणाले. नियमांच्या मसुद्यांवरच्या हरकती त्यांनी अनेकदा हाताळल्या आहेत. या मसुद्याच्या छाननीशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की टपाल फुटलं की पहिली वाटणी होते ती मुदतीत आलेलं आणि मुदतीनंतरचं अशी. मग एकाच छापाचे कागद एकत्र लावतात. पहिलं पान वाचायचं, बाकीच्यांवर नाव-पत्ता आहे ना एवढं पाहायचं आणि वर आकडा टाकायचा. हजार पानांचा असा गठ्ठा टिपणीत एका ओळीत बसतो. याउलट कुणीतरी वहीच्या कागदावर चार ओळी लिहून नेमक्या पोटनियमावर बोट ठेवलेलं असतं, तो कागद मात्र तक्त्यात स्वतंत्र रकाना खातो. एका रकान्यात मुद्दा, शेजारी विभागाचे अभिप्राय. ‘‘तो रकाना रिकामा ठेवून फाइल वर पाठवता येत नाही,’’ एवढं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

मला हे ऐकून बरं वाटलं, हे लपवत नाही. सहा लाखांच्या ढिगात एकट्याच्या चार ओळींना जागा आहे, असा त्याचा अर्थ होतो. अर्थात माणसं थकतात हेही खरं. एका कागदाला दोन मिनिटं धरली तरी सहा लाख कागदांना 20 हजार तास लागतात. पन्नास माणसं रोज आठ तास बसली तर पन्नास कामाचे दिवस. अशा वेळी छापील गठ्ठे एकगठ्ठा निकालात काढणं हा आळस नसतो, नाइलाज असतो.

कायदाही संख्येबद्दल काही बोलत नाही. नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, मुदत द्यायची आणि त्या मुदतीत आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्यायच्या, ही चौकट महाराष्ट्राच्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात, कलम 24 मध्ये आहे. ‘विचारात घेणे’ एवढंच बंधन. बहुमत कुठे आहे ते पाहा असं त्यात नाही, आणि प्रत्येकाला उत्तर द्या असंही नाही.

गठ्ठ्याची किंमत किती, याचा मोठा दाखला आपल्याच देशात आहे. डिसेंबर 2015 मध्ये ट्रायने इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांबाबत जनतेला मोजके प्रश्न विचारले. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून फ्री बेसिक्स या आपल्याच योजनेच्या बाजूने तयार मजकुराची लाखो पत्रं पाठवली. विचारलेल्या प्रश्नांना त्यात उत्तर नव्हतं. ट्रायने कंपनीला कडक शब्दांत कळवलं की विचारविनिमयाचं रूपांतर तुम्ही ठरवून घडवलेल्या बहुमत-चाचणीत करू पाहताय. 8 फेब्रुवारी 2016 ला निर्णय आला तो फ्री बेसिक्सला मारक ठरला.

मग चार ओळींत लिहायचं काय? अंकुशनगरच्याच एखाद्या ऊस उत्पादकाचं उदाहरण घेऊ. तो मसुद्याच्या बाजूचा आहे. छापील नमुन्यावर त्याला वाक्य मिळतं: ‘सदर अधिसूचनेस माझा जाहीर पाठिंबा असून ती तात्काळ लागू करावी.’ या वाक्याला अभिप्राय काय लिहिणार? ‘नोंद घेतली.’ संपलं.

आता त्यानेच असं लिहिलं तर पाहा: ‘पाठिंबा आहे. मात्र सजातीय विवाहाचा पुरावा कोणता धरणार, हे नियमात लिहावे. माझ्या पणजोबांचे लग्न निजामाच्या काळातले. त्याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. नुसते विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले तर ही तरतूद आम्हाला उपयोगाची नाही.’ पाचच वाक्यं. पण आता विभागाला त्या रकान्यात अभिप्राय लिहिणं भाग आहे. पुरावा काय धरायचा? जुनी लग्नपत्रिका, भाटाची वंशावळ, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब? महाराष्ट्रातला सध्याचा विवाह नोंदणीचा कायदा 1998 चा. पणजोबांपर्यंत तो पोहोचत नाही.

गंमत पुढे आहे. शेजारच्या गल्लीतला ओबीसी शेतकरी विरोधात आहे. त्याच्या छापील नमुन्यात ‘आमच्या ताटातले काढून घेण्याचा तीव्र निषेध’ आहे. तोही ‘नोंद घेतली’च्या खात्यात जातो, कारण मसुद्यात टक्केवारीचा विषयच नाही. पण त्याने असं लिहिलं तर? ‘विरोध आहे. पणजोबांच्या काळातले लग्न एकाच जातीत झाले याचा लेखी पुरावा असू शकत नाही. मग प्रमाणपत्र केवळ शपथपत्रावर आणि गृहचौकशीवर निघेल. जात सिद्ध करण्याचा भार 2000 च्या कायद्याच्या कलम 8 प्रमाणे अर्जदारावर आहे. नियमाने तो हलका करता येत नाही.’

दोघांनी एकाच भोकावर बोट ठेवलंय. एक म्हणतो ते बुजवा म्हणजे आम्हाला फायदा मिळेल, दुसरा म्हणतो ते बुजणारच नाही म्हणून मसुदा मागे घ्या. मतपत्रिकेवर ही दोन मतं एकमेकांना कापून शून्य झाली असती. हरकतींच्या तक्त्यात मात्र ती एकाच मुद्द्याखाली शेजारी बसतात आणि मुद्दा जड होतो. एक पाटी बाजूची, एक विरोधाची, असं मोजत बसलेल्या पुढाऱ्यांना हे दिसत नाही, किंवा दिसून परवडत नाही.

बिघडतं कुठे तेही ठरलेलं आहे. लोक मसुदा न वाचता नेत्याच्या भाषणाला उत्तर लिहितात. समाजाचा इतिहास शिवकाळापासून सुरू करतात आणि नियमाचा क्रमांक येईपर्यंत कागद संपतो. काही जण एका पानात अकरा मुद्दे घालतात. त्यातले दहा कच्चे असले की अकरावा पक्का मुद्दाही त्यांच्याबरोबर वाहून जातो. आपला कागद जमला की नाही हे ओळखायची एक सोपी परीक्षा त्या निवृत्त अधिकाऱ्यांनीच सांगितली. ‘कारण’ या शब्दापुढचं वाक्य झाकून पाहायचं. झाकल्यावरही कागदाचा अर्थ तोच राहत असेल तर तुम्ही कारण दिलेलंच नाही, आवाज चढवलाय.

अर्थात कारण दिलं म्हणून सरकार ऐकेल, असा भाबडेपणा कुणी करू नये. या मसुद्याची पहिली प्रत 27 जानेवारीला वाशीत हजारो लोकांसमोर दिली गेली. राजकारणाने जन्माला घातलेल्या कागदाचं भवितव्य राजकारणच ठरवणार. विभाग ‘मुद्दा विचारात घेतला, स्वीकारार्ह नाही’ असं लिहून मोकळा होऊ शकतो. शिवाय त्याच कलम 24 मध्ये एक मेख मारलेली आहे: नियम अंतिम होऊन राजपत्रात आला की तो रीतसर केला गेला, याचा तोच निर्णायक पुरावा. म्हणजे ‘आमच्या हरकती वाचल्याच नाहीत’ हे नंतर कोर्टात सिद्ध करणं फार कठीण. एखादी ठोस हरकत नोंदवलेली असेल आणि तिच्यातला दोष नियमात तसाच राहिला असेल, तर मूळ कायद्याच्या विरोधात जाणारा नियम म्हणून भांडायला वकिलाला निदान दारातून आत शिरता येतं. ‘जाहीर निषेध’ घेऊन तेवढंही नाही.

केंद्राने 2014 मध्ये स्वतःसाठी एक धोरण ठरवलं: कायद्यांचे मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचे आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा. ते किती पाळलं जातं हा वेगळा लेख होईल. पण सहा लाख कागद गोळा करणाऱ्या राज्याने त्यातला गोषवारा तरी उचलावा. बाजूचे किती, विरोधातले किती हे कळून कुणाचं भलं होणार नाही. वेगळे मुद्दे किती निघाले आणि प्रत्येकासमोर काय लिहिलं, हे कळायला हवं.

ते आपणहून कळेल याची वाट पाहायची गरज नाही. निर्णय झाला की माहितीच्या अधिकारात मागता येईल. अर्जाला दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये. अर्जात ‘किती हरकती आल्या’ असं विचारू नका, तो आकडा फुकट मिळतोय. ‘मुद्देनिहाय तक्ता व त्यावरील विभागाचे अभिप्राय’ असं लिहा.